एम-थ्रीचे तीन आठवडे आणि एकच समीकरण

डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलामुलींची गणितातली अडचण ठरावीक जागी असते. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात इंटिग्रेशन शिकवलेलं असतं. पुढची दोन वर्षं ड्रॉइंग, वर्कशॉप आणि ब्रांचच्या विषयांत जातात. बारावीहून आलेली मुलं पहिल्या वर्षात एम-वन, एम-टू करून आलेली असतात आणि आपल्यापुढे एकदम एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, येऊन उभं राहतं. मीही त्याच वाटेने आले. हिवाळी परीक्षेआधी सुट्ट्या लागल्या तेव्हा हातात तीन आठवडे होते आणि घरी, यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात, कापसाची वेचणी सुरू होती. त्या तीन आठवड्यांत अभ्यास कसा लावला, काय आधी घेतलं, काय मागे ठेवलं, ते लिहिते.

आमच्याकडे बहुतेक जण युनिट एकपासून सुरुवात करतात आणि पाचव्या-सहाव्या युनिटपर्यंत पोचता पोचता परीक्षा येते. मी सीनियरांकडून जुने पेपर आणले आणि एकही गणित न सोडवता प्रत्येक प्रश्नाशेजारी पेन्सिलने फक्त एवढंच लिहिलं, की हा प्रश्न शेवटपर्यंत न्यायला हाताला काय यायला लागतं. लाप्लासच्या प्रश्नापुढे ‘पार्शल फ्रॅक्शन’ आलं. व्हेरिएशन ऑफ पॅरामीटर्सपुढे ‘टॅन, सेकचं इंटिग्रेशन’ आलं. लिनिअर इक्वेशनपुढे ‘बाय पार्ट्स’ आलं. पानं भरत गेली तसं दिसलं की रीती वेगवेगळ्या असल्या तरी त्यांच्या पोटात तीच चार-पाच कामं आहेत: बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन, e^(ax) बरोबर साइन-कोसाइन, वर्ग पूर्ण करणं, आणि लॉग-त्रिकोणमितीची नेहमीची सूत्रं. म्हणून पहिला आठवडा पूर्ण कॅल्क्युलसला दिला. दुसरा डिफरन्शियल इक्वेशनला. तिसरा पेपरांना. फुरिए आणि व्हेक्टर कॅल्क्युलस यांना रोज संध्याकाळचा अर्धा तास ठेवला. त्यांची सूत्रं पाठ असली की गाडी पुढे सरकते आणि त्यातलंही इंटिग्रेशन पहिल्या आठवड्यात होऊनच जातं.

वेळ कोणता, हे घराने ठरवलं. वेचणीला मजूर मिळत नाहीत, त्यामुळे सकाळी आठनंतर घरातलं प्रत्येक माणूस वावरात लागतं. मीही काही दिवस दुपारपर्यंत जात होते. खरा अभ्यास पहाटेचा, दोन-अडीच तास, आणि रात्री जेवणानंतर दीड-दोन तास. बाबा गव्हाच्या ओलितासाठी रात्रीच्या लाइनीवर जायचे, तेव्हा त्यांच्यासोबत मीही जागी राहायची. कागद-पेन लागणारी गणितं पहाटे, आणि नुसतं ओळखायचं काम वावरात. हे वावरातलं काम पुढे फार उपयोगाचं ठरलं, त्याचं नंतर सांगते.

पहिल्या आठवड्याचा नियम एकच होता. उत्तर आलं की पुस्तकामागचं उत्तर बघायचं नाही, आपलं उत्तर डिफरन्शिएट करायचं. इंटिग्रेशन बरोबर असेल तर मूळ पद परत मिळालं पाहिजे. उदाहरणार्थ,

∫ x e^(2x) dx = e^(2x) (x/2 − 1/4) + c

याचं डेरिव्हेटिव्ह घ्या. पहिल्या भागातून 2e^(2x)(x/2 − 1/4), म्हणजे x e^(2x) − e^(2x)/2. दुसऱ्या भागातून e^(2x)/2. बेरीज x e^(2x). झालं. या पडताळणीला मिनिटभरही लागत नाही, आणि एका गणितात इंटिग्रेशन आणि डिफरन्शिएशन दोन्हींचा सराव होतो. बाय पार्ट्समध्ये वजा चिन्ह हरवणं आणि e^(2x) ला 2 ने भागायचं राहून जाणं, या दोन चुका सगळ्यात जास्त होतात. दोन्ही या पडताळणीत लगेच सापडतात, कारण उरलेलं पद नेमकं 2 पटीने किंवा चिन्हाने वेगळं येतं. किती पटीने चुकलं हे पाहिलं की चूक कुठल्या ओळीत आहे तेही कळतं.

पार्शल फ्रॅक्शनलाही अशी एक खूण आहे. समजा

(3s + 5) / ((s + 1)(s − 2))

फोडायचं आहे. s = −1 ठेवून पहिला अंश 2/(−3), म्हणजे −2/3. s = 2 ठेवून दुसरा 11/3. आता दोघांची बेरीज करा: 9/3, म्हणजे 3. वरच्या पदातला s चा गुणक तोच 3 आहे. खालचे दोन्ही घटक एकेरी असतील आणि वरचं पद पहिल्या घाताचं असेल, तर ही बेरीज जुळलीच पाहिजे. न जुळली तर पुढे एक ओळही लिहू नये. लाप्लासमध्ये हाच 3 म्हणजे t = 0 ला उत्तराची किंमत असते, म्हणून ही पडताळणी तिकडेही तशीच चालते.

आठवड्याच्या शेवटी गणितं धड्याच्या क्रमाने घेणं थांबवलं. धड्यात बाय पार्ट्सच्या मथळ्याखाली आलेलं गणित बाय पार्ट्सने सोडवायचं हे मथळाच सांगतो, पेपरात मथळा नसतो. हॉस्टेलवरची एक मैत्रीण वणीकडची. आम्ही रोज एकमेकींना फोनवर कुठल्याही पानावरच्या प्रश्नांचा फोटो पाठवायचो, वरचा मथळा कापून. रेंज गावात चावडीजवळच नीट मिळते, त्यामुळे रात्रीच फोटो उतरवून ठेवायची आणि पहाटे सोडवायची.

दुसरा आठवडा डिफरन्शियल इक्वेशनचा. पहिल्या ऑर्डरची समीकरणं मी पटकन उरकली. तिथे एकच गोष्ट घट्ट करायची असते, ती म्हणजे ओळखण्याचा क्रम. आधी बघायचं की x आणि y वेगळे करता येतात का. नसेल तर y मध्ये लिनिअर आहे का. नसेल तर x मध्ये लिनिअर आहे का. मग एक्झॅक्टची कसोटी, मग बर्नूली. यातली तिसरी पायरी मुलं विसरतात.

dy/dx = 1/(x + y²)

हे समीकरण y कडून बघितलं तर कुठल्याच साच्यात बसत नाही. उलटं करा: dx/dy = x + y², म्हणजे dx/dy − x = y². आता ते x मध्ये सरळ लिनिअर आहे. इंटिग्रेटिंग फॅक्टर e^(−y), आणि उजवीकडे ∫ y² e^(−y) dy, म्हणजे पहिल्या आठवड्यातलं बाय पार्ट्स दोनदा. उत्तर x = −(y² + 2y + 2) + c e^y. याला y च्या हिशेबाने डिफरन्शिएट केलं की −2y − 2 + c e^y मिळतं, आणि x + y² केलं तरी तेच मिळतं.

उरलेले सगळे दिवस मी कॉन्स्टंट कोएफिशियंटच्या लिनिअर समीकरणांना दिले, कारण पेपरात वजन तिथे आहे आणि लाप्लाससुद्धा शेवटी तीच समीकरणं सोडवतो. इथे मी एकच समीकरण निवडलं आणि त्यालाच धरून राहिले:

y″ − 3y′ + 2y = X

डावी बाजू कायम तीच. बदलायची फक्त उजवी बाजू. ऑक्झिलरी इक्वेशन m² − 3m + 2 = 0, मुळं 1 आणि 2, म्हणजे सीएफ, उजवी बाजू शून्य धरून येणारं उत्तर, c₁e^x + c₂e^(2x). हे एकदा लिहून भिंतीला चिकटवलं आणि मग रोज नवा X घेतला. वेगवेगळी गणितं घेतली की दर वेळी मुळं काढण्यात जीव जातो आणि पीआय, म्हणजे X मुळे येणारा उत्तराचा भाग, काढायच्या रीतींमधला फरक डोळ्यांत भरत नाही. डावी बाजू स्थिर ठेवली की तो फरक उघडा पडतो.

डेरिव्हेटिव्हला D लिहिलं की डावी बाजू D² − 3D + 2 होते. X = e^(3x) असेल तर D च्या जागी 3: 9 − 9 + 2 = 2, पीआय e^(3x)/2. यात काही नाही. X = sin x असेल तर D² च्या जागी −1, खाली 1 − 3D राहतं. वर-खाली 1 + 3D ने गुणायचं. खालचं 1 − 9D² होतं, त्यात पुन्हा D² = −1 ठेवलं की 10. पीआय (sin x + 3 cos x)/10. इथे घोटाळा होतो तो असा, की काही जण 1 − 3D मधल्या D च्या जागीही आकडा ठेवतात. D² च्या जागी आकडा ठेवता येतो, कारण साइन दोनदा डिफरन्शिएट केला की साइनच वजा होऊन परत येतो. एकदा केला तर कोसाइन होतो, म्हणून एकट्या D च्या जागी आकडा बसत नाही. कारण एवढंच आहे, आणि ते कळलं की नियम पाठ करावा लागत नाही.

आता खरी जागा. X = e^(2x). D च्या जागी 2 ठेवलं तर 4 − 6 + 2 = 0. खाली शून्य. पुस्तक सांगतं की वर x लिहा आणि खालचं डिफरन्शिएट करा. म्हणजे खाली 2D − 3, त्यात D = 2 ठेवून 1, आणि पीआय x e^(2x). नियम सगळ्यांना पाठ असतो. पण x कुठून आला हे मला समजून घ्यायचं होतं, म्हणून दोन पहाटा मी फक्त त्यावर घातल्या.

e^(2x) हे सीएफमध्ये आधीच आहे. म्हणजे डावीकडे e^(2x) कितीही पटीने घातलं तरी डावी बाजू शून्यच देणार, e^(2x) कधीच देणार नाही. मग e^(2x) पेक्षा थोडं वेगळं काहीतरी घालायला हवं. x e^(2x) घालून बघू:

y = x e^(2x)
y′ = e^(2x)(1 + 2x)
y″ = e^(2x)(4 + 4x)

y″ − 3y′ + 2y केलं की कंसात 4 + 4x − 3 − 6x + 2x उरतं. x ची सगळी पदं एकमेकांत विरली, कारण ती सीएफचीच होती. उरला 1. म्हणजे e^(2x), जे हवं होतं तेच. गुणाकाराच्या नियमातून x चं डेरिव्हेटिव्ह 1 सुटा पडतो, तेवढाच उजवीकडे पोचतो.

त्याच दिवशी दुपारी वेचणीत आईच्या ओळीत होते. आईने विचारलं, “काय व, कायचा विचार करून राह्यली?” मी म्हटलं, मुळांचा. वावरात मी हेच करायची. हात बोंडांवर असायचे आणि मनात एखादी उजवी बाजू घ्यायची: e^x, x², e^(2x) cos x, e^x/(1 + e^x). सोडवायचं नाही, फक्त ठरवायचं की कुठली रीत, आणि सीएफशी टक्कर होते का. e^x ला टक्कर होते, x लागणार. x² ला होत नाही, बायनॉमियलने D च्या घातांत पसरवायचं. e^(2x) cos x ला e^(2x) बाहेर काढून D च्या जागी D + 2. शेवटच्याला नेहमीच्या पीआयच्या युक्त्या लागूच पडत नाहीत, तिथे व्हेरिएशन ऑफ पॅरामीटर्स. कागद नसला की सोडवायचा मोह होत नाही, त्यामुळे ओळखण्याचा सराव एकटा, स्वच्छ होतो. संध्याकाळी घरी येऊन त्यातलं एखादं लिहून बघायची.

व्हेरिएशन ऑफ पॅरामीटर्ससाठी मात्र समीकरण बदलावं लागलं, कारण त्यात हमखास येणारं गणित y″ + y = sec x हे आहे. सीएफ c₁cos x + c₂sin x, रॉन्स्कियन cos²x + sin²x = 1. पहिला सहगुणक −∫ sin x sec x dx, म्हणजे −∫ tan x dx = log cos x. दुसरा ∫ cos x sec x dx = x. पीआय cos x · log cos x + x sin x. या गणितात रीत दोन ओळींची आहे आणि सगळा जोर टॅनच्या इंटिग्रेशनवर आहे. पहिल्यातलं वजा चिन्ह कुठल्या सूत्रातलं आणि टॅनच्या इंटिग्रेशनमधलं कुठलं, हे दोन्ही वेगवेगळ्या ओळींवर लिहावं. एकाच ओळीत लिहिलं की एक वजा गळतो आणि उत्तर log sec x होऊन बसतं.

मग तेच पहिलं समीकरण लाप्लासने सोडवलं, y(0) = 0 आणि y′(0) = 0 धरून, x च्या जागी t:

Y(s) = 1 / ((s − 1)(s − 2)²)

डाव्या बाजूने (s − 1)(s − 2) दिलं, उजवीकडच्या e^(2t) ने आणखी एक (s − 2). म्हणून (s − 2) चा वर्ग झाला. इथे माझं पान थांबलं. डी-ऑपरेटरमध्ये खाली शून्य येणं आणि इथे घटक दुहेरी होणं ही एकच घटना आहे. पार्शल फ्रॅक्शन: (s − 1) वर 1, (s − 2)² वर 1, आणि (s − 2) वर −1, कारण वर s² नाही म्हणून पहिल्याची आणि याची बेरीज शून्य हवी. उत्तर

y = e^t − e^(2t) + t e^(2t)

शेवटचं पद बघा, t e^(2t). आधीच्या रीतीत पाठ करून लिहिलेला x इथे न सांगता, आपोआप आला. t = 0 ठेवलं की 1 − 1 + 0 = 0. डेरिव्हेटिव्ह 1 − 2 + 1 = 0. दोन्ही अटी जुळतात. मैत्रिणीला मी हे पान तसंच पाठवलं, आणि तिने उलट उत्तरात X = e^t घेऊन तेच करून पाठवलं. तिथे (s − 1) दुहेरी झालं.

तिसऱ्या आठवड्यात वेळ लावून पूर्ण पेपर. आमचा पेपर 80 गुणांचा, तीन तासांचा, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं, आणि सात गुणांच्या प्रश्नाला पंधरा-सोळा. पहाटे एवढा सलग वेळ मिळत नव्हता, म्हणून पेपर दोन तुकड्यांत सोडवायचे, पण घड्याळ लावूनच. तपासताना वहीत दोनच रकाने ठेवले होते. रीतच चुकीची निवडली, किंवा सुचलीच नाही, तर डावीकडे. रीत बरोबर पण उत्तर चुकलं, तर उजवीकडे. डावा रकाना भरत असेल तर वावरातला ओळखण्याचा सराव वाढवायचा. उजवा भरत असेल तर पहिल्या आठवड्यातली इंटिग्रेशनं पुन्हा काढायची. दोन्हींवर इलाज वेगळा आहे. सगळ्या चुकांना ‘आणखी गणितं सोडवू’ हे एकच औषध लावलं की वेळ जातो आणि चुका तिथेच राहतात.

या आराखड्याला मर्यादा आहे, तीही सांगितली पाहिजे. इंटिग्रेशन बऱ्यापैकी हाताशी असलेल्या मुलाला पहिला पूर्ण आठवडा कॅल्क्युलसला देण्याची गरज नाही. त्याने दोन-तीन दिवसांत ते उरकून फुरिएला जागा करावी. आणि पार्शल डिफरन्शियल इक्वेशनचं युनिट ज्यांच्या अभ्यासक्रमात मोठं आहे, त्यांना अर्ध्या तासात ते बसवता येणार नाही. मी लग्रांजची सहायक समीकरणं तेवढी नीट केली आणि चारपिटची रीत सोडून दिली, कारण प्रश्नाला ‘किंवा’ होता.

पेपरच्या दिवशी पहिली दहा मिनिटं मी काहीच सोडवलं नाही. वावरात करायची तसं प्रत्येक प्रश्नापुढे रीत लिहिली आणि टक्कर आहे तिथे छोटी फुली मारली. लिनिअर समीकरणाच्या प्रश्नात उजवीकडे दोन पदं होती, एक साधं आणि एक सीएफशी टक्कर होणारं. दोघांचे पीआय वेगवेगळे काढून शेवटी बेरीज केली. लाप्लासचा प्रश्न मी सगळ्यात शेवटी घेतला, कारण त्यात सुरुवातीच्या अटी दिलेल्या असतात आणि t = 0 ठेवून उत्तर तिथल्या तिथे तपासता येतं. वेळ कमी उरला तरी ते गणित बरोबर आहे की नाही हे वर्गातून उठायच्या आधीच कळतं.